वेटिंग १४ आणि मी

खोपोलीच्या त्या एजंटाने मला छातीठोकपणे सांगितलं होतं, "चौदाच आहे, होणारच." रेल्वे भरतीच्या परीक्षेला माझं केंद्र नागपूर आलं होतं. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं आणि शहर कळतं जेमतेम १० दिवस आधी. म्हणजे आपण बघेपर्यंत गाड्या भरलेल्याच असतात.

रविवारी दुपारी खोपोली लोकलने कर्जतला उतरले. कल्याणच्या लोकलची वाट बघत फलाटावर उभी होते, तेवढ्यात मेसेज आला: चार्ट लागला, तिकीट रद्द. चौदाचं नऊ झालं होतं, एवढंच. एजंटाला फोन केला तर म्हणाला, "चढ गं, टीसीला सांभाळून घे." ऑनलाइन तिकीट पूर्ण वेटिंगमध्ये राहिलं की आपोआप रद्द होतं. ते दाखवून डब्यात चढणं म्हणजे विनातिकीट प्रवास. हे त्याला माहीत नसेल?

कल्याणला साधं तिकीट काढून जनरलमध्ये दाराशी उभी राहिले. पहाटे पोहोचणारी गाडी नागपूरला लागली सकाळी नऊला. गेट साडेआठलाच बंद झालं होतं. नंतर एजंट म्हणाला, "नशीब तुझं." कमिशन मात्र त्याने परत केलं नाही.

माझी खरी चूक मला पुढे कळली. वेटिंगच्या आकड्याआधीची अक्षरं मी वाचलीच नव्हती. गाडी हावड्याची होती आणि मला मध्येच नागपूरला उतरायचं होतं, म्हणून वेटिंग PQWL होतं. त्याचा कोटा छोटा असतो, त्यामुळे ते फार हलत नाही. गाडी तुमच्या शहरातच संपत असेल तर सहसा GNWL मिळतं आणि ते जास्त हलतं. मुंबईहून सुटणारी सेवाग्राम एक्स्प्रेस नागपूरलाच संपते. कल्याणहून ती मी आधी बघायला हवी होती.

शहर कळलं त्याच दिवशी तिकीट काढा आणि परीक्षेच्या आदल्या दिवशी सकाळीच पोहोचाल असं काढा. मी खोलीचे पैसे वाचवायला गेले आणि परीक्षाच गेली. तत्काळ प्रवासाच्या आदल्या दिवशी उघडतं, एसीचं दहाला, स्लीपरचं अकराला. पण कन्फर्म तत्काळ रद्द केलं तर काही परत मिळत नाही. साधं आरक्षण जितकं लवकर रद्द कराल तितकी कपात कमी.

गाडी अडली तर म्हणून दुसरी वाटही ठरवून ठेवा, ती मात्र वेगळ्या घाटाची हवी. आपल्याकडून कल्याणमार्गे गेलं की कसारा घाट लागतो. पावसात तो अडला तर त्याच मार्गाची दुसरी गाडी काय कामाची? खोपोलीहून एसटीने पुणं गाठा, तिथून दौंड-मनमाडमार्गे नागपूरची गाडी मिळते. वेळापत्रक आधीच लिहून ठेवा. ओळखपत्राच्या झेरॉक्स घ्या, डबा घ्या, वगैरे सगळे सांगतातच.

आणि एजंटाला वेटिंगचा आकडा नका विचारू, आधीची अक्षरं विचारा. तो अडखळला तर तिकीट स्वतः काढा.