पारलिंगी पुरुषांची मासिक पाळी : त्रास आणि व्यवस्थापन

पुरुषांच्या सार्वजनिक स्वच्छतागृहात सहसा कचऱ्याची झाकणाची टोपली नसते. तेथे तिची गरज पडेल, असा विचारच कोणी केलेला नसतो. परंतु जन्माच्या वेळी स्त्री म्हणून नोंद झालेल्या आणि स्वतःला पुरुष म्हणून ओळखणाऱ्या, म्हणजेच पारलिंगी पुरुषांपैकी अनेकांना मासिक पाळी येते. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या याचिकेवर निकाल देताना, आपली लिंगओळख स्वतः ठरवण्याचा अधिकार मान्य केला. त्यानंतर पारलिंगी व्यक्तींची चर्चा वाढली. तरी 'तृतीयपंथी' हा शब्द उच्चारला की आपल्या डोळ्यांसमोर प्रामुख्याने हिजडा समाज येतो आणि पारलिंगी पुरुष नजरेआड राहतात. त्यांच्या पाळीचा प्रश्न तर त्याहूनही आडोशाला राहिला आहे.

त्रासाचे स्वरूप

हा त्रास दुहेरी असतो. पोटदुखी, अंगदुखी व रक्तस्राव हा त्याचा एक भाग झाला. दुसरा भाग असा की, ज्या शरीराशी मनाचे जुळत नाही, त्या शरीराची आठवण पाळी दर महिन्याला करून देते. वैद्यकीय भाषेत यास लिंगभाव-अस्वस्थता म्हणतात. काहींना पाळीच्या आठ दिवस आधीपासून झोप लागत नाही. काही जण त्या दिवसांत घराबाहेर पडत नाहीत, शाळा वा कामाला दांडी मारतात. सर्वांनाच असे होते असे मात्र नाही. काही पारलिंगी पुरुष पाळीकडे शरीराची एक साधी घडामोड म्हणून पाहतात. त्यांना त्रास होतो तो 'उघडकीस येण्याच्या' भीतीचा.

ही भीती कशी काम करते हे पाहण्यासाठी एका औद्योगिक वसाहतीतील तरुणाचे कल्पित उदाहरण घेऊ. तो आठ तासांच्या पाळीत कारखान्यात काम करतो आणि सहकारी त्याला पुरुष म्हणूनच ओळखतात. पॅड साधारणपणे चार ते सहा तासांनी बदलावे लागते, म्हणजे कामाच्या वेळेत किमान एकदा. पुरुषांच्या स्वच्छतागृहात दार असलेल्या दोनच खोल्या आहेत आणि त्यांपैकी एकीची कडी मोडलेली आहे. वेष्टन फाडताना होणारा आवाज शेजारी ऐकू जाईल, ही धास्ती वेगळीच. वापरलेले पॅड टाकायला जागा नाही. शौचकूपात टाकले तर ते तुंबते आणि चौकशी सुरू होते. परिणामी तो सकाळी लावलेले पॅड संध्याकाळपर्यंत ठेवतो आणि लघवीला जावे लागू नये म्हणून पाणी पिणे टाळतो. जांघेत पुरळ उठणे आणि मूत्रमार्गात जंतुसंसर्ग होणे ही याची नित्याची फळे होत. लघवी करताना जळजळ, वारंवार लघवीची भावना, ताप ही त्याची लक्षणे. ती दिसली तर लाजेखातर थांबू नये.

दिवस निभावून नेण्याचे उपाय

या तरुणाला काही साधे बदल करता येतात. पॅडचे वेष्टन घरीच काढून ते स्वच्छ कापडी पिशवीत ठेवले की आवाजाचा प्रश्न मिटतो. वापरलेल्या पॅडसाठी कागद आणि घट्ट बंद होणारी छोटी पिशवी डब्याच्या थैलीत बाळगता येते. पंख असलेली पॅड पुरुषांच्या सैल अंतर्वस्त्रात बसत नाहीत. त्यासाठी अंगासरशी बसणारी आखूड चड्डी लागते. पाळीसाठी शोषक थर शिवलेल्या चड्ड्याही मिळतात. बाहेरून त्या साध्या चड्डीसारख्याच दिसतात. कप आठ ते बारा तास चालतो, त्यामुळे कामाच्या ठिकाणी बदलावा लागत नाही. परंतु तो योनीमार्गात बसवावा लागतो आणि नेमकी तीच कृती काहींना असह्य वाटते. अशा वेळी कपाचा आग्रह धरणे निरर्थक होय.

खर्चाच्या दृष्टीने जनऔषधी केंद्रातील एक रुपयाचे पॅड उपयोगी आहे. मात्र दुकानात जाऊन ते मागणे, हीच अनेकांसाठी पहिली पायरी अवघड असते.

पाळी थांबवण्याचे उपाय

ज्यांना पाळीच नको असते, त्यांच्यासाठी वैद्यकीय उपाय आहेत. पुरुषी शारीरिक लक्षणांसाठी टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक घेणाऱ्यांपैकी बहुतेकांची पाळी सुमारे सहा महिन्यांत थांबते. काहींना वर्षही लागते. इंजेक्शन सहसा दर दोन ते चार आठवड्यांनी घ्यावे लागते. तारीख टळली तर रक्तस्राव पुन्हा होऊ शकतो. येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. पाळी थांबली म्हणजे गर्भधारणा अशक्य झाली, असे नव्हे. टेस्टोस्टेरॉन हे गर्भनिरोधक नाही, आणि गर्भ राहिल्यास ते गर्भाला घातक ठरू शकते.

टेस्टोस्टेरॉन नको असेल किंवा अद्याप सुरू झाले नसेल, तर प्रोजेस्टेरॉन वर्गातील औषधे वापरता येतात. लग्नकार्यात वा पूजेच्या वेळी 'पाळी पुढे ढकलण्यासाठी' आपल्याकडे सर्रास घेतली जाणारी नॉरएथिस्टेरॉनची गोळी याच वर्गातील. ती बंद केल्यावर दोन-तीन दिवसांत रक्तस्राव सुरू होतो. म्हणून पाळी दीर्घकाळ थांबवायची असल्यास ती नियमितपणे आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावी लागते. पूर्वी रक्ताची गुठळी झालेल्यांनी आणि यकृताचा विकार असणाऱ्यांनी ती परस्पर घेणे धोक्याचे आहे.

दर तीन महिन्यांनी घ्यावयाचे मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉनचे इंजेक्शन 'अंतरा' या नावाने शासकीय आरोग्य केंद्रांत मोफत मिळते. पहिले काही महिने अनियमित डाग पडतात, हे आधी माहीत नसेल तर माणूस घाबरून ते सोडून देतो. वर्षभरानंतर सुमारे निम्म्या व्यक्तींची पाळी थांबते. दीर्घकाळ घेतल्यास हाडांची घनता कमी होते, ही त्याची मर्यादा. संप्रेरकयुक्त गर्भाशयी साधन अनेक वर्षे टिकते. पण ते बसवण्यासाठी अंतर्गत तपासणी अटळ असते.

पाळी अनेक महिने बंद राहून अचानक रक्तस्राव झाला, तर प्रथम इंजेक्शनची तारीख चुकली का ते पाहावे. ती चुकली नसेल, तर गर्भचाचणी व तपासणी करून घ्यावी. सोनोग्राफी पोटावरूनही करता येते, हे ठाऊक असल्यास रुग्ण तशी विनंती करू शकतो.

व्यवस्थेतील फट

केंद्र शासनाच्या २०१५ च्या मासिक पाळी व्यवस्थापनविषयक मार्गदर्शक सूचनांचा रोख किशोरवयीन मुली व स्त्रियांकडे होता. २०१७ साली स्वच्छ भारत अभियानाच्या (ग्रामीण) सूचनांनी तृतीयपंथी व्यक्तींना पसंतीचे स्वच्छतागृह वापरू द्यावे, असे सांगितले. पारलिंगी पुरुष पुरुषांचे दालन निवडतो. तेथे त्याला प्रवेश मिळतो, पण पॅड टाकण्याची सोय मिळत नाही. रुग्णालयातही हेच घडते. पाळीच्या तक्रारीसाठी त्याला स्त्रीरोग विभागातील रांगेत दाढीसह उभे राहावे लागते, नाव पुकारले जाते आणि सर्वांच्या माना वळतात. कित्येक जण तेथूनच परततात.

येथे मोठ्या योजनेची गरज नाही. पुरुषांच्या प्रत्येक स्वच्छतागृहात एका खोलीला चालू कडी, आत पाणी आणि झाकणाची टोपली असावी. बाह्यरुग्ण विभागात नावाऐवजी क्रमांक पुकारावा. एवढे झाले तर आपल्या उदाहरणातील तरुण दुपारच्या सुट्टीत पॅड बदलू शकेल, पोटभर पाणी पिऊ शकेल आणि लघवीची जळजळ अंगावर न काढता डॉक्टरांकडे जाऊ शकेल.