आईला तिथं ठेवून आलीस त्यानंतर

अगं, तुझा मेसेज आला तेव्हा काय लिहावं ते सुचेना. फोनवर बोलले असते तर दोघी नुसत्या रडलो असतो, म्हणून लिहितेच. आईंना पुण्याच्या देखभाल केंद्रात सोडून फलटणमार्गे नातेपुत्याला परत आलीस आणि त्या रात्री सकाळपर्यंत गाढ झोपलीस, याचीच तुला लाज वाटतेय. गेल्या वर्षी कडी काढून आई रात्री पंढरपूरच्या रस्त्यावर गेल्या होत्या. तेव्हापासून तू उंबऱ्याशी अंथरूण टाकून झोपतेस. इतकं जागलेलं शरीर मोकळीक मिळाल्यावर झोपणारच. सुटल्यासारखं वाटणं आणि आईची माया एकाच वेळी असू शकतात. एक आहे म्हणून दुसरी खोटी ठरत नाही.

गल्लीतल्यांचं म्हणशील, तर ते बोलणारच. लेकीकडे राहिली म्हणून बोलले, आता लेकीनं टाकली म्हणून बोलतील. पण टाकणं कशाला म्हणतात ते बघ. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात पूर्णपणे टाकून देण्याच्या इराद्याने म्हाताऱ्या माणसाला कुठंतरी सोडून जाणं हा गुन्हा आहे, तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. तू दर महिन्याला पैसे भरतेस, भेटायला जातेस, डॉक्टरांशी बोलतेस. हे टाकणं नव्हे.

तुला खरा घोर आहे तो त्या 'मला घरी ने' म्हणतात त्याचा. पण आठव, दिवेलागणीला तुझ्याच ओसरीवर बसून त्या हेच म्हणायच्या. स्मृतिभ्रंशात असं पुष्कळांचं होतं. संध्याकाळ झाली की जीव कासावीस होतो आणि जे घर हवं असतं ते बहुधा माहेरचं, लहानपणचं. नातेपुत्याला आणलंस तरी ते सापडणार नाही. म्हणून 'हेच आता तुझं घर' असं समजावत बसू नकोस, आणि 'उद्या नेते' असंही म्हणू नकोस. माहेरच्या विहिरीचं विचार, गाईचं नाव विचार. त्या बोलू लागतील. भेटायला सकाळी न्याहारीनंतर जा, संध्याकाळी नको. त्यांची गोधडी आणि तुळशीची माळ दिली नसशील तर पुढच्या खेपेला ने.

पहिले काही आठवडे रडणं, जेवण कमी होणं, तुझ्यावर रुसणं हे चालायचंच. त्या अश्रूंवरून स्वतःला दोषी ठरवू नकोस. सावध कशानं व्हायचं ते वेगळं आहे. कपडे बदलताना जवळ थांब आणि माकडहाडापाशी, टाचांवर बघ. लाल डाग बोटानं दाबून सोडल्यावर पांढरा पडत नसेल, तर ती शय्याव्रणाची सुरुवात असते. त्यांच्या सावळ्या कातडीवर लाली चटकन कळत नाही, म्हणून ती जागा जास्त काळपट दिसते का ते बघ, आणि गरम किंवा कडक लागते का ते हातानं बघ. अशी जागा दिसली तर कुशीवर कधी, कोण वळवतं ते विचार. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला साधारण दर दोन तासांनी वळवावं लागतं. वजनाचा महिन्याचा आकडा माग. बांगड्या सैल झालेल्या तुलाच आधी कळतील.

आणि एक. विसरभोळेपणा हळूहळू वाढतो. एक-दोन दिवसांत त्या एकदम बरळू लागल्या किंवा गुंगीत पडून राहिल्या, तर 'वयच झालंय' हे उत्तर ऐकून घेऊ नकोस. लघवीचा संसर्ग, पाणी कमी पडणं, पोट साफ नसणं, नाहीतर नव्यानं सुरू केलेली झोपेची गोळी, यातलं काहीतरी बहुधा असतं, आणि त्यावर इलाज असतो. डॉक्टरांना त्याच दिवशी बघायला सांग.

पोरांना 'आजी बरी होऊन येईल' असं सांगितलंस, ते मला पटलं नाही. आजाराचं नाव घेऊन सांग, की आजीच्या मेंदूला आजार झालाय, तिला रात्रंदिवस जागी माणसं लागतात, आणि ती आपल्या घरात नाहीत. नाहीतर धाकटीला वाटेल, घरात चुकलं की माणसाला बाहेर ठेवतात. तिला पुढच्या वेळी बरोबर ने, पण थोडा वेळच.

माउलींची पालखी नातेपुत्याला मुक्कामाला येईल तेव्हा आईंना घरी आणायचं म्हणतेस. वारकऱ्यांना पिठलं-भाकरी वाढण्यात त्यांचा जन्म गेला, तुझं मन कळतं मला. तरी आणू नये असं मला वाटतं. ती गर्दी, भोंगे, अनोळखी माणसं, शिवाय तेवढा प्रवास, यात त्या भेदरतील आणि परत सोडताना दोघींचेही हाल होतील. पालखी पुढं गेली की तूच प्रसाद घेऊन जा. तेव्हा मीही येते. तू आईंजवळ बस, औषधांचा कागद आणि वजनाची वही मी बघते.