कंपनी विकली, मोबदला रोख घ्यावा की शेअरमध्ये?

एक कंपनी दुसरी कंपनी विकत घेते तेव्हा वर्तमानपत्रात ठळक छापून येतो तो सौद्याचा आकडा. इतक्या कोटींचा व्यवहार झाला, एवढेच आपण वाचतो. पण हे कोटी कोणत्या रूपाने दिले, हा प्रश्न आकड्याइतकाच महत्त्वाचा आहे. खरेदीदार रोख रक्कम देऊ शकतो किंवा आपल्याच कंपनीचे नवे शेअर काढून देऊ शकतो. दोन्हींत आकडा तोच असला, तरी उद्या सौदा फसला तर नुकसान कोणाच्या पदरात पडणार, हे यावरून ठरते.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. कापड रंगवणाऱ्या एका मोठ्या कंपनीचे ३ लाख शेअर आहेत आणि एका शेअरचा भाव १०० रुपये आहे. म्हणजे कंपनीची किंमत ३ कोटी झाली. तिला यंत्रमागाची एक लहान कंपनी घ्यायची आहे. लहान कंपनीची बाजारातील किंमत ८० लाख आहे. मोठी कंपनी १ कोटी द्यायला तयार होते. वरचे २० लाख ती का देते? तिचा हिशेब असा की दोन्ही धंदे एकत्र आले, की वाहतूक, दलाली आणि दुहेरी गोदामे वाचून ३० लाखांचा फायदा होईल.

आता रोखीचा सौदा पाहा. विकणारा १ कोटी घेऊन मोकळा झाला. अंदाजाप्रमाणे ३० लाख वाचले, तर त्यातले २० लाख विकणाऱ्याला आधीच मिळालेले आहेत, १० लाख खरेदीदाराला उरतात. पण काहीच वाचले नाही, तर दिलेले जादा २० लाख पूर्णपणे खरेदीदाराच्या खिशातून गेले. विकणाऱ्याला त्याची झळ नाही. मात्र अंदाजापेक्षा जास्त फायदा झाला, तर त्यातही त्याचा वाटा नाही.

शेअरच्या सौद्यात चित्र बदलते. १ कोटीच्या मोबदल्यात खरेदीदार १ लाख नवे शेअर काढून देतो. आता एकूण शेअर ४ लाख झाले आणि विकणारा एक चतुर्थांश हिश्शाचा मालक झाला. ३० लाख वाचले, तर एकत्रित कंपनीची किंमत ४ कोटी १० लाख होते आणि विकणाऱ्याचा वाटा १ कोटी अडीच लाखांचा होतो. काहीच वाचले नाही, तर किंमत ३ कोटी ८० लाख राहते आणि त्याच्या हाती ९५ लाख पडतात. म्हणजे फसलेल्या २० लाखांपैकी ५ लाख त्याने सोसले, १५ लाख खरेदीदाराच्या जुन्या भागधारकांनी. ही विक्री कमी आणि शिरकत जास्त आहे, कारण नफ्यात वाटा आणि नुकसानीतही वाटा.

शेअरच्या सौद्यात आणखी एक धोका असतो. सौदा जाहीर होणे आणि प्रत्यक्ष पूर्ण होणे यांत अनेक महिने जातात. भागधारकांची मंजुरी, सरकारी परवानग्या, न्यायालये यांत वेळ लागतो. तेवढ्यात खरेदीदाराच्या शेअरचा भाव पडला तर काय? करारात ‘१ लाख शेअर देऊ’ असे लिहिले असेल आणि भाव ८० वर आला, तर विकणाऱ्याला १ कोटीऐवजी ८० लाखच मिळतात. त्याचा जादा मोबदला सौदा पूर्ण होण्याआधीच संपला. याउलट ‘१ कोटी किमतीचे शेअर देऊ’ असे लिहिले असेल, तर खरेदीदाराला १ लाखाऐवजी सव्वा लाख शेअर द्यावे लागतात आणि पडलेल्या भावाचा भार त्याच्यावर येतो. शेअरची संख्या ठरली आहे की किंमत, हे एक वाक्य संपूर्ण करारात सर्वांत आधी शोधावे.

या वाक्याचे मोल अमेरिकेतील टाइम वॉर्नर कंपनीच्या भागधारकांना फार महागात कळले. जानेवारी २००० मध्ये इंटरनेट सेवा देणाऱ्या एओएल या कंपनीने टाइम वॉर्नर घेण्याचा सौदा जाहीर केला. टाइम वॉर्नरकडे चित्रपट, मासिके, केबलचे जाळे आणि सीएनएन वाहिनी होती. तिचे उत्पन्न एओएलच्या कित्येक पट होते. पण त्या काळात इंटरनेट कंपन्यांचे शेअर आभाळाला टेकले होते. मोबदला संपूर्ण शेअरमध्ये होता आणि संख्या पक्की ठरली होती : टाइम वॉर्नरच्या एका शेअरला एओएलचे दीड शेअर.

ज्याच्याकडे टाइम वॉर्नरचे १०० शेअर होते, त्याचा हिशेब मांडू. सौद्याआधी त्यांची किंमत सुमारे ६,५०० डॉलर होती. त्याला १५० एओएल शेअर मिळणार होते आणि त्यांची त्या वेळची किंमत सुमारे ११,००० डॉलर होती. कागदावर मोठाच नफा! परंतु परवानग्या मिळून सौदा पूर्ण व्हायला जानेवारी २००१ उजाडला. तोवर इंटरनेटचा फुगा फुटला होता. एओएलचा भाव ४७ डॉलरच्या आसपास आला होता, म्हणजे हाती ७,००० पडले. जुलै २००२ मध्ये भाव दहा डॉलरच्या घरात आला, तेव्हा त्याच १५० शेअरांचे जेमतेम १,५०० उरले. २००२ या एका वर्षात एकत्रित कंपनीने सुमारे ९९ अब्ज डॉलरचा तोटा दाखवला. एओएलच्या जुन्या भागधारकांचेही नुकसान झाले. पण फुगलेल्या कागदाच्या बदल्यात त्यांना खऱ्या धंद्यातला ५५ टक्के हिस्सा मिळाला होता. टाइम वॉर्नरवाल्यांनी खरा धंदा देऊन कागद घेतला होता.

रोखीचे उलट उदाहरण आपल्या जवळचे आहे. मुंबईच्या टाटा स्टीलने २००७ मध्ये ब्रिटनमधील कोरस ही पोलाद कंपनी घेतली. ब्राझीलच्या कंपनीशी लिलावात चढाओढ होऊन भाव शेअरमागे ६०८ पेन्सपर्यंत गेला. एकूण सुमारे ६.२ अब्ज पौंड, सर्व रोख, आणि त्यातला बराच भाग व्याजी कर्जाचा. पुढच्याच वर्षी जगभर मंदी आली आणि युरोपात पोलादाची मागणी कोसळली. कोरसचे भागधारक पैसे घेऊन केव्हाच मोकळे झाले होते. कर्जाचा आणि तोट्याचा बोजा टाटा स्टीलवर राहिला. २०१६ मध्ये स्कन्थॉर्प येथील कारखान्यासह एक विभाग नाममात्र एका पौंडाला देऊन टाकावा लागला.

यावरून खरेदीदाराच्या मनाचाही थोडा अंदाज बांधता येतो. आपला शेअर स्वस्त पडला आहे असे ज्याला वाटते, तो सहसा शेअर वाटत नाही, रोख देतो. जो उत्साहाने शेअर देऊ करतो, त्याला आपला भाव चढा आहे हे ठाऊक असण्याची शक्यता असते. प्रत्येक वेळी तसेच असेल असे नाही. कधी फक्त रोकड नसते. पण शंका घेणे विकणाऱ्याच्या हिताचे.

आपल्यापैकी कोणाचा कारखाना मोठी कंपनी शेअरच्या मोबदल्यात मागत असेल, तर लक्षात ठेवावे की त्या घटकेला आपणही खरेदीदार असतो. आपला कारखाना देऊन आपण तिचे शेअर विकत घेत असतो. म्हणून ती आपल्या वह्या तपासते तशाच आपण तिच्या वह्या तपासाव्यात. तिचे शेअर बाजारात नोंदलेले नसतील, तर भाव कोणी आणि कशावरून ठरवला आणि ते पुढे विकता कधी येतील, हे लेखी घ्यावे. ‘हाच १ कोटी रोख माझ्या हाती असता, तर मी या कंपनीचे शेअर घेतले असते का?’ असे स्वतःला विचारावे. उत्तर नाही असेल, तर थोडी कमी रक्कम पत्करून रोखीचा आग्रह धरावा.