पैसे न्यूयॉर्कमध्ये अडकले तर

प्रश्न : मुलाने मस्कतहून घरबांधणीसाठी डॉलर पाठवले. पैसे ‘तपासणीत’ आहेत असं कळतं. इथल्या शाखेत काय द्यावं? – शेख, भातसानगर

उत्तर : शाखेत खेटे घालून उपयोग नाही. डॉलरचा व्यवहार बहुधा न्यूयॉर्कच्या मध्यस्थ बँकेतून जातो. तिथला संगणक अमेरिकेच्या निर्बंध यादीशी नावं ताडून पाहतो. तुमचं आडनाव सर्वत्र आढळणारं, त्यात खात्यावर नुसती आद्याक्षरं असली तर यादीतल्या कुणाशी तरी सहज जुळू शकतं. ‘तो हा नव्हे’ हे ठरवायला त्यांना जन्मतारीख लागते.

मध्यस्थ बँक विचारणा करते ती पाठवणाऱ्याच्या बँकेला. म्हणून मुलाने तिथे जाऊन UETR हा ३६ चिन्हांचा क्रमांक घ्यावा आणि नेमकी विचारणा काय, ते लेखी मागावं. मग तुमचं पासपोर्टवरचं पूर्ण नाव, जन्मतारीख, गाव-तालुक्यासह पत्ता, नातं, पैशाचं कारण आणि स्वतःची पगारपत्रकं द्यावीत. ‘पर्सनल’ एवढंच कारण लिहिलं की पुन्हा प्रश्न येतो; ‘वडिलांच्या घराचं बांधकाम’ असं लिहावं. दरम्यान तीच रक्कम दुसऱ्यांदा पाठवू नये, तीही अडकू शकते.

यादीतली व्यक्ती खरोखर तीच निघाली तर मात्र रक्कम गोठते. मग अमेरिकी अर्थखात्याच्या परवान्याशिवाय सुटत नाही.