जीभ नेमकी कुठे अडली?

सभेत फजिती झाली की माणूस घरी येऊन स्वतःला एकच गोष्ट सांगतो: आपल्यात धीटपणाच नाही. भोवतालचे लोकही तेच सांगतात. मग कोणी सभाधीटपणाच्या वर्गाला नाव घालतो, कोणी पुन्हा माईकजवळ जायचे नाव काढत नाही. माझे म्हणणे असे, की हे निदान बहुतेक वेळा घाईचे असते, आणि एकदा ते मान्य केले की त्या फजितीतून जे शिकता आले असते ते तिथेच हरवते. हे तपासायला मला गांधीजींचे उदाहरण सर्वांत उपयोगी वाटते, कारण स्वतःच्या फजित्या इतक्या बारकाईने लिहून ठेवणारा दुसरा सार्वजनिक माणूस चटकन आठवत नाही. त्यांच्याबद्दल आपल्याला सांगितली जाते ती गोष्ट साधी आहे. मुलगा लाजाळू होता, हळूहळू धीट झाला आणि पुढे लाखोंच्या सभा गाजवल्या. पण घटना ज्या क्रमाने घडल्या त्या क्रमाने मांडल्या, तर ही गोष्ट जुळत नाही.

लंडनमध्ये ते शाकाहारी मंडळाच्या कार्यकारिणीवर होते. संततिनियमनाचा पुरस्कार करणाऱ्या डॉ. ॲलिन्सन यांना मंडळातून काढावे की नाही, असा वाद निघाला. गांधीजींचे मत पक्के होते, ते त्यांनी लिहूनही आणले, पण वाचावे लागले दुसऱ्याला. व्हेंटनर गावच्या सभेत पुन्हा तेच घडले. भाषण जेमतेम एका फुलस्केप कागदाचे होते. ते वाचायला उभे राहिले, डोळ्यांपुढे अंधुक झाले, अंग थरथरू लागले आणि कागद सोबतच्या त्र्यंबकराय मजमुदारांनी वाचून दाखवला. पुढे १८९१ साली, मायदेशी निघण्यापूर्वी, त्यांनी हॉबर्न रेस्टॉरंटमध्ये मित्रांना जेवण दिले. तिथल्या भाषणासाठी त्यांनी ॲडिसनची एक गंमत योजली होती. हा प्रख्यात निबंधकार पार्लमेंटमधल्या पहिल्याच भाषणात एकाच शब्दापाशी तीनदा अडखळला आणि कोणीतरी त्याची टोपी उडवली, असा तो किस्सा. गांधीजींनी तिथूनच सुरुवात केली आणि तिथेच अडकले. पुढचे काही आठवेना. आभाराचे एक वाक्य कसेबसे बोलून ते खाली बसले.

वरवर तिन्ही प्रसंग सारखे दिसतात, पण सुटलेला सांधा एकच नाही. पहिल्या दोहोंत मजकूर शाबूत होता, फक्त तो तोंडातून बाहेर येईना. म्हणूनच दुसऱ्याने वाचला तरी काम झाले. हॉबर्नमध्ये मजकूरच कच्चा होता. सगळे भाषण एका उसन्या विनोदावर टांगलेले होते, आणि विनोद हा असा आरंभ आहे की तो चुकला तर त्याच्या मागे उभे राहायला काही उरत नाही. माहितीचे वाक्य अडखळले तर ते पुन्हा म्हणता येते. विनोद पुन्हा म्हणता येत नाही. आपल्याकडच्या शालेय वक्तृत्व स्पर्धांत हीच फजिती दरवर्षी पाहायला मिळते. ‘सन्माननीय व्यासपीठ’पासून शेवटच्या सुविचारापर्यंत भाषण ओळीने पाठ केलेले असते. मधली एक ओळ निसटली की पुढच्या सगळ्या ओळी हातातून जातात, कारण मुलाने ओळींचा क्रम पाठ केलेला असतो, मुद्द्यांचा नाही. अशा मुलाला ‘घाबरू नकोस’ म्हणण्यात अर्थ नाही. त्याच्याकडून तेच भाषण मधल्या मुद्द्यापासून सुरू करून घ्यावे, मग शेवटापासून मागे जावे. जो कुठूनही सुरू करू शकतो, त्याची एखादी ओळ गेली तरी बिघडत नाही.

मायदेशी परत आल्यावर मुंबईच्या स्मॉल कॉजेस कोर्टात गांधीजींनी पहिला खटला घेतला. अशील होती ममीबाई, फी तीस रुपये. साक्षीदाराची उलटतपासणी करायला ते उभे राहिले, डोके गरगरू लागले आणि एकही प्रश्न सुचेना. काम पटेल नावाच्या वकिलाकडे गेले. त्याने एक्कावन्न रुपये घेतले आणि त्याला तो खटला पोरखेळ होता. यातही ‘भीती’ हे उत्तर मला अपुरे वाटते. उलटतपासणी हे बोलण्यापेक्षा विचारण्याचे काम आहे. साक्षीदार काय बोलला, त्यातले कुठले वाक्य आपल्याला नडते, आणि ते सैल करायला कोणता प्रश्न हवा, ही साखळी आधी डोक्यात तयार असावी लागते. ती बॅरिस्टरकीच्या परीक्षेने येत नाही, कोर्टात बसून बसून येते. पटेल अधिक शूर होता असे मानायला काही आधार नाही. त्याला विचारायचे काय ते माहीत होते, इतकेच.

आता खरा पुरावा. १८९३ साली, ममीबाईचा खटला सोडून दिलेला हाच तरुण दक्षिण आफ्रिकेत प्रिटोरियात हिंदी रहिवाशांची सभा बोलावतो आणि आयुष्यातले पहिले म्हणण्याजोगे भाषण करतो. विषय होता व्यापारातला सचोटीचा व्यवहार. श्रोते मुख्यतः मेमण व्यापारी, जागा एका शेठजींचे घर. भाषण ठीक झाले, आणि अशा सभा पुढेही चालू राहिल्या, कारण त्यात कामाच्या सूचना होत्या: संघटना काढा, इंग्रजी शिकायचे असेल तर मी शिकवतो. दोन वर्षांत त्यांचा स्वभाव बदलला होता म्हणावे, तर दक्षिण आफ्रिकेतल्या हिंदी लोकांच्या प्रश्नावरची १८९६ची मुंबईची सभा आडवी येते. तिचे अध्यक्ष फिरोजशहा मेहता. आयत्या वेळी बोलू, असा गांधीजींचा बेत होता. मेहतांनी तो मोडून काढला. इथले वार्ताहर नीट टिपून घेत नाहीत, भाषण लिहून काढा, पहाटेच्या आत छापून झाले पाहिजे, असे त्यांनी बजावले. रात्री हस्तलिखित छपाईला गेले. दुसऱ्या दिवशी सभागृह खच्चून भरलेले, आणि त्यात मेहतांना ऐकायला आलेले विद्यार्थी पुष्कळ. गांधीजी वाचू लागले तर आवाज पुढच्या काही रांगांपलीकडे जाईना. मेहता ‘मोठ्याने, आणखी मोठ्याने’ असे सांगत राहिले आणि आवाज उलट खाली खाली गेला. मग मित्र केशवराव देशपांडे मदतीला उठले. त्यांचा आवाज चांगला होता, पण लोक ‘वाच्छा, वाच्छा’ असे ओरडू लागले. शेवटी दिनशा वाच्छांनी तेच भाषण वाचले, आणि सभा चिडीचूप होऊन ऐकत राहिली, जागोजागी टाळ्या आणि निषेधाचे उद्गारही आले.

हा प्रसंग मी पुन्हा पुन्हा वाचतो, कारण यात प्रयोगशाळेसारखी सोय आहे. मजकूर तोच, श्रोते तेच, संध्याकाळ तीच, फक्त वाचणारा बदलला. लेखणीने कुठेच दगा दिला नव्हता. दगा दिला तो आवाजाने, तोही एका विशिष्ट आकाराच्या जागेत. शिवाय देशपांड्यांचा आवाज पुरेसा असूनही सभेने त्यांना ऐकले नाही, म्हणजे नुसता आवाजही पुरत नाही, बोलणाऱ्याची ओळख लागते. मोठ्याने बोला असे ओरडून सांगितल्याने आवाज का खचतो, हे कोणीही करून पाहावे: घसा आवळला जातो, श्वास अर्धाच राहतो आणि वाक्याचा शेवट गळतो. मराठीत ही गळती अधिक महाग पडते, कारण आपले क्रियापद आणि ‘नाही’ वाक्याच्या टोकाला येतात. ‘हा ठराव आम्हाला मान्य’ एवढेच मागच्या रांगेला ऐकू गेले, तर वक्त्याने नेमके उलटे बोलून टाकले असे होते. म्हणून कागदावरून वाचायचे असेल तर ओळी वाक्याच्या अर्थाप्रमाणे तोडाव्यात, प्रत्येक वाक्याच्या शेवटच्या दोन शब्दांखाली रेघ ओढावी, आणि सभेआधी रिकाम्या सभागृहात एकाला शेवटच्या रांगेत उभे करून ती टोके ऐकू येतात का ते पाहावे. ऐकू येत नसतील तर आवाज चढवण्याऐवजी थांबावे, श्वास पूर्ण सोडावा आणि तेच वाक्य सावकाश पुन्हा घ्यावे. तरीही जमत नसेल तर कागद दुसऱ्याच्या हाती द्यावा. त्यात कमीपणा वाटतो, पण त्या दिवशी दक्षिण आफ्रिकेतल्या हिंदी लोकांची बाजू मुंबईपुढे मांडली गेली ती कागद हस्तांतरित झाला म्हणूनच.

यावर पहिला आक्षेप असा येईल, की गांधीजींनी स्वतःच दोष लाजाळूपणाला दिला आहे, आणि त्या लाजाळूपणाने आपल्याला मोजके बोलायला शिकवले असे म्हणून त्याचे आभारही मानले आहेत. मग मी कोण वेगळे निदान करणारा? पण आत्मचरित्र ‘नवजीवन’मध्ये १९२५पासून येऊ लागले, म्हणजे या घटनांनंतर तीसेक वर्षांनी, आणि आठवण इतक्या वर्षांत नीटनेटकी होते. मुंबईच्या सभेची जागा त्यांनी कावसजी जहांगीर इन्स्टिट्यूट अशी दिली आहे. त्या नावाचा आपल्या ओळखीचा हॉल १९११चा, आणि त्यांच्या संकलित वाङ्मयात सभेची नोंद फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटची आहे. जागा चुकू शकते तर कारणमीमांसाही चुकू शकते. प्रसंगांचे तपशील मात्र त्यांनी निदानाला न जुळणारेही ठेवले, हा त्यांचा प्रामाणिकपणा, आणि मी त्यांचेच तपशील त्यांच्या निष्कर्षाविरुद्ध वापरतो आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: सरावाने भीती जाते, हे तर सर्वांना ठाऊक आहे. जाते, बरीच जाते. पण सराव कशाचा, हा प्रश्न उरतोच. आरशापुढे शंभर वेळा म्हटलेले भाषण मोठ्या सभागृहाचा सराव देत नाही, आणि पाठांतराचा सराव उलटतपासणीला कामाचा नाही. गांधीजींनी जे वेगळे केले ते पाहिले तर ते कुठल्याही वक्तृत्वाच्या वर्गात बसत नाही. १८९६मध्येच त्यांनी राजकोटला बसून हिरव्या मुखपृष्ठाचे पत्रक लिहिले, त्याच्या दहा हजार प्रती छापून वर्तमानपत्रांना आणि पुढाऱ्यांना पाठवल्या. आवाज पोचत नसेल तर छापील कागद पोचवायचा. ज्याला खरेच बोलताना श्वास कोंडतो, आठवडा आधीपासून झोप उडते, किंवा तोतरेपणाचा त्रास आहे, त्याला मात्र माझी ही वाटणी पुरणार नाही. त्याने डॉक्टरांकडे किंवा वाचा-उपचार करणाऱ्याकडे जावे.

एक सांधा राहिला. १९०१च्या कलकत्ता काँग्रेसमध्ये गांधीजींना दक्षिण आफ्रिकेच्या ठरावावर पाच मिनिटे मिळाली होती. तिसऱ्या मिनिटाच्या सुमारास घंटा वाजली, आणि वेळ संपली असे समजून ते दुखावल्या मनाने खाली बसले. ती घंटा आता दोन मिनिटे उरली आहेत, हे सांगायची होती. इथे भाषण तुटले ते ना भीतीने, ना कच्च्या मजकुराने, ना खचलेल्या आवाजाने. तेव्हा बोलायला उठण्यापूर्वी सूत्रसंचालकाला विचारून घ्यावे: पहिली घंटा इशाऱ्याची की शेवटची, आणि दुसरी किती मिनिटांनी?