चोच आधी उघडायला हवी होती

मागच्या वर्षी गणपती गेल्यावर दीड महिन्यात माझ्या 46 पक्ष्यांतले 13 मेले. गावात अजून बोलतात, हिच्या घरून रोग आला. रोग माझ्या घरी जन्मला नव्हता. तो मी पैसे मोजून, बाजारातून, पाय बांधलेल्या सहा तलंगांबरोबर आणला होता, आणि विकणाऱ्याला तो दिसत होता. हे मला एकदा नीट सांगायचंच आहे.

त्या तलंगांतल्या दोघींच्या डोळ्याजवळ आणि तुऱ्याच्या बुडाशी मोहरीएवढे पांढरट ठिपके होते. मी बोट लावून विचारलंसुद्धा. तो म्हणाला, "मावशी, एका पाटीत कोंबल्यात, एकमेकींना टोचतात, त्याच्या खुणा आहेत. दोन दिवसांत जातील." मीही कोंबड्या पाळते, टोचल्याची खूण मला माहीत आहे. टोचल्यावर रक्ताची रेघ असते, कातडी फाटलेली असते. हे ठिपके कातडीच्या आतून वर आलेले होते. तरी मी घेतल्या, कारण भाव कमी सांगितला होता. तो कमी का सांगितला, हे पुढे कळलं.

घरी आणून त्याच संध्याकाळी मी त्यांना बाकीच्यांबरोबर खुराड्यात कोंडलं. ही चूक माझी, ती मी कुणावर ढकलत नाही. नवीन पक्षी तीन आठवडे वेगळा ठेवायचा असतो. हा रोग कोंबड्यांच्या देवीचा होता, आणि देवीचं विष अंगात शिरल्यावर फोड दिसायला चार ते दहा दिवस जातात, म्हणून बाजारात अगदी स्वच्छ दिसणारी कोंबडीसुद्धा आठवड्याने फोड दाखवू शकते. वेगळी म्हणजे अंगणाच्या दुसऱ्या टोकाला, वेगळ्या डालग्याखाली, वेगळ्या पाण्याच्या वाटीवर, आणि डासांच्या दिवसांत वर मच्छरदाणीचं कापड टाकून.

दहा-बारा दिवसांनी माझ्या जुन्या तीन कोंबड्यांच्या तुऱ्यावर फोड आले. आधी फिकट, मग पिवळसर, मग चामखिळीसारखे खरखरीत आणि शेवटी काळपट खपली. तुऱ्यावर, पापणीवर, चोचीच्या कोपऱ्यात, चोचीखाली लोंबणाऱ्या लाल कातडीवर, एकीच्या पायावर. पिसं असलेल्या जागी जवळजवळ काही नाही. सासूबाई म्हणाल्या, देवी आल्यात, हात लावू नको, लिंबाचा पाला ठेव. पाला मी ठेवला. फोडाच्या कोंबड्या खात होत्या, फिरत होत्या, म्हणून मलाही वाटलं, जातील हळूहळू. आणि खरंच, त्यांतल्या बहुतेक तीन-चार आठवड्यांत खपल्या पडून बऱ्या झाल्या. माझी फसगत इथेच झाली.

कारण त्याच वेळी खुराड्याच्या दुसऱ्या कोपऱ्यात काही तलंगा मान लांब करून, चोच उघडी ठेवून श्वास घेत होत्या. घशातून घरघर येत होती. दाण्याजवळ यायच्या, एक-दोन दाणे उचलायच्या आणि टाकून द्यायच्या. तुऱ्यावर एक फोड नाही. मी मनात दोन खाती केली, फोडवाल्यांना देवी आणि घरघरवाल्यांना सर्दी. तालुक्याच्या औषधाच्या दुकानात गेले तर दुकानदाराने कोंबडी पाहिली नाही, एक प्रश्न विचारला नाही, "सर्दी आहे, हे पाण्यात टाका" म्हणून पुडी दिली. पाच दिवस मी ती पाण्यात घालत होते. पाच दिवसांत चार मेल्या. तो आजही ते मान्य करत नाही. म्हणतो, तुम्ही उशिरा आलात.

पाचवी मरायला टेकली तेव्हा मी पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांना घरी आणलं. त्यांनी आधी फोडवाल्यांकडे पाहिलंच नाही. घरघरणारी तलंग मांडीवर घेतली, अंगठ्याने खालची चोच दाबली आणि मला म्हणाले, "ताई, बॅटरी धरा." आत जिभेच्या मुळाशी आणि श्वासाच्या भोकाभोवती पिवळट, घट्ट, दह्याच्या साईसारखा थर होता. त्यांनी मग फोडवाली कोंबडी दुसऱ्या हातात उचलली आणि म्हणाले, "हा रोग आणि तो रोग एकच आहे. इथे बाहेर आलाय, तिथे आत."

मी काही बोललेच नाही. आदल्या दिवशी मी स्वतः काय केलं होतं ते डोळ्यांपुढे आलं. एकीच्या तोंडात मला हाच पिवळा थर दिसला होता. अन्न चिकटलंय समजून मी कापसाच्या बोळ्याने तो ओढून काढला होता. खालून रक्त भळाभळा आलं आणि तासाभरात ती गेली.

म्हणून सांगते, तोंडातला थर ओढू नका. ही ओळखीची खूणही आहे. जीवनसत्त्व अ कमी पडलं तरी कोंबडीच्या तोंडात पांढरे कण येतात, पण ते सहज पुसले जातात आणि खाली रक्त येत नाही. देवीचा थर मांसाला धरून असतो, उचकटला की खालची जागा ओली लाल होते. खऱ्या सर्दीत चेहरा सुजतो, नाकातून वास मारणारा चिकट स्राव येतो, पण घशात असा थर बसत नाही. श्वासाचं भोक बुजत आलं असेल तर थर काढायचा की नाही ते डॉक्टर ठरवतील. आपण फार तर त्यांनी दिलेलं आयोडीन-ग्लिसरीन कापसाने हलकेच लावायचं आणि ताकात भिजवलेली भाकरी किंवा मऊ कण्या द्यायच्या. ज्यांच्या पापण्या खपलीने मिटल्यात, त्यांना दाणा दिसत नाही. डोळे कोमट बोरिक पाण्याने पुसून दिवसातून तीनदा हाताने भरवा. माझ्या 13 पैकी 3 उपाशी मेल्या, रोगाने नाही. बाकी 10 घशाच्या होत्या. नुसते फोड आलेली, पण डोळे उघडे राहिलेली एकही मेली नाही.

एकच विष दोन रूपं का घेतं, हे डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मला माझं सगळं अंगण वेगळं दिसायला लागलं. धड कातडीतून हे विष आत जात नाही, त्याला जखम लागते. डास रोगी कोंबडीचं रक्त पितो तेव्हा विष त्याच्या सोंडेला लागतं आणि पुढे कित्येक आठवडे तो ते दुसऱ्या कोंबड्यांना टोचत राहतो. डास बसतो तो पिसं नसलेल्या जागी, म्हणून फोड तुऱ्यावर आणि पापणीवर. तोंडातला प्रकार होतो तो बहुधा खपल्यांच्या धुळीतून श्वासावाटे किंवा एकाच वाटीतल्या दाण्या-पाण्यातून. एकाच कोंबडीला दोन्ही होऊ शकतं. माझ्या खुराड्याच्या मागे उघडा पिंप होता, दोन जुने टायर होते, आणि पाऊस संपता संपता त्यांत अळ्या वळवळत होत्या. ते मी रोज पाहत होते.

मानमोडी आली की चार दिवसांत खुराडं रिकामं होतं, माणूस धावतो. देवी तसं करत नाही. या आठवड्यात तीन, पुढच्या आठवड्यात सात, असं चालतं, आणि त्या सावकाशपणामुळे आपण बसून राहतो.

आता लशीचं. मी डॉक्टरांना ठणकावून सांगितलं होतं, "माझ्या कोंबड्यांना लस झालीय." झाली होती, जूनमध्ये, डोळ्यात थेंब आणि नंतर सुई. देणारा मुलगा म्हणाला होता, आता वर्षभर काळजी नाही. ती लस राणीखेतची, म्हणजे मानमोडीची होती. देवीशी तिचा काही संबंध नाही. त्याने हे सांगायला हवं होतं, आणि मीही विचारायला हवं होतं की कोणत्या रोगाची लस देतोस.

देवीची लस ओळखणं सोपं आहे. ती डोळ्यात घालत नाहीत, पाण्यातून देत नाहीत. दोन टोकांची सुई लशीत बुडवतात आणि पंख पसरून आतल्या बाजूची पातळ कातडी असते तिच्यातून आरपार टोचतात. पीस, शीर, हाड चुकवायचं. पिल्लू सहा ते आठ आठवड्यांचं झालं की द्यायची, आणि आमच्यासारख्या पावसाच्या भागात डास वाढायच्या आधी, म्हणजे मे-जूनमध्येच. लस बर्फात आणावी लागते आणि एकदा कालवली की दोन तासांत संपवावी लागते. कुपी शे-दोनशे पक्ष्यांची असते, म्हणून एकटीसाठी कुणी फोडत नाही. चार-पाच घरांनी पक्षी मोजून एक दिवस ठरवा. उरलेली लस उकिरड्यावर टाकू देऊ नका, तिच्यात जिवंत विष असतं, कुपी उकळून किंवा जाळून टाका. रोगट कोंबडीला टोचू नका.

आणि टोचून झालं म्हणजे काम झालं, असं समजू नका. सात ते दहा दिवसांनी प्रत्येक पंख उघडून बघा. टोचल्या जागी छोटी गाठ किंवा खपली दिसली तर लस धरली. बऱ्याच पक्ष्यांत काहीच दिसलं नाही तर लस वाटेत तापली किंवा सुई चुकली, पुन्हा द्यायला लावा. पैसे घेणारा हे तपासायला परत येत नाही.

रोग सुरू झाल्यावरही लस देता येते, पण कळपात थोडेच पक्षी आजारी असतील तेव्हा, आणि फक्त निरोग्यांना. माझ्याकडे तोवर निम्म्याहून जास्त झाले होते, डॉक्टर म्हणाले आता उपयोग नाही. शेजारच्या काकूंकडे एकीलाच फोड होता. मी स्वतः जाऊन त्यांना सांगितलं, त्यांनी त्याच आठवड्यात टोचून घेतलं. त्यांची पुढे एकही मेली नाही. गावात जे बोलतात त्यांनी हेही बोलावं.

बऱ्या झालेल्या कोंबडीला देवी सहसा पुन्हा होत नाही. माणसाला ती होत नाही, मुलांच्या कांजिण्यांशी तिचं नातं नाही. पण गळलेल्या खपल्यांत विष कित्येक महिने टिकतं, म्हणून खुराड्यातला सगळा कचरा खरवडून जाळा, शेणखतात मिसळू नका. बाकी स्वच्छता ठेवा, पाणी साचू देऊ नका, हे सगळेच सांगतात.

यंदा मेच्या शेवटी मी 34 पिल्लांना पंखात लस टोचून घेतली. नवव्या दिवशी बॅटरी घेऊन एकेक पंख उघडला. 31 जणांना गाठ होती. उरलेल्या तिघांना पुढच्या वाडीत नवी कुपी फोडली त्या दिवशी डालग्यात घालून नेलं आणि पुन्हा टोचून आणलं.