काचेतला पोपट, जाळीतली घार

लालबाग-परळच्या आमच्या ओळखीपाळखीत कुणाच्या खिडकीवर अनोळखी पक्षी बसला की त्याचा फोटो माझ्या फोनवर येतो. सोबत एकच प्रश्न: "हा कुठला?" पण त्यातले बरेच फोटो स्लायडिंगच्या काचेतून, राणीच्या बागेतल्या जाळीतून नाहीतर शिवडीला दुर्बिणीला मोबाइल टेकवून काढलेले असतात. त्यामुळे पक्ष्याचं नाव सांगायच्या आधी मध्ये काय होतं ते मी विचारून घेतो. त्यातून पक्के झालेले हे पाच धडे.

१. रंगावर बोलण्याआधी फोटोतलं पांढरं शोधा.
दादरच्या एका काकूंनी ग्रिलवर बसलेल्या पोपटाचा फोटो पाठवला. खांद्यावर काळपट डाग होता. "जखम झालीय का रे?" असं त्या विचारत होत्या. खिडकीची काच ऊन अडवणारी, हिरवट छटेची होती. अशी काच हिरवा प्रकाश येऊ देते आणि लाल बराचसा अडवते. पोपटाचं हिरवं अंग त्यामुळे आणखी छान दिसतं, पण अंगावर लाल काही असेल तर ते मातकट किंवा काळं पडतं. फोटोत बाहेरचा पांढरा ऑइलपेंट मारलेला कठडाही आला होता आणि तोही हिरवट दिसत होता. फोनवर Tint आणि Warmth या पट्ट्या सरकवत तो कठडा पांढरा दिसेपर्यंत आणला, तेव्हा खांद्यावरचा डाग गडद तांबडा झाला. पहाडी पोपटाच्या खांद्यावर असाच तांबडा पट्टा असतो, नराच्याही आणि मादीच्याही. आपल्या नेहमीच्या पोपटाला तो नसतो.
या उपायालाही मर्यादा आहे. काचेने जो लाल प्रकाश आतच येऊ दिला नाही, तो पट्ट्या सरकवून पूर्ण परत येत नाही. शिवाय फोन दर फोटोला रंगाचा स्वतःचा अंदाज लावतो. म्हणून एकाच पोपटाच्या लागोपाठ काढलेल्या दोन फोटोंत दोन छटा दिसू शकतात. नुसत्या रंगावर निकाल देऊ नये.

२. रंगाने शंका आली की मापाने खात्री करा.
काकूंना म्हटलं, "ग्रिलच्या दोन आडव्या पट्ट्यांमधलं अंतर टेपने मोजा." ते दहा सेंटीमीटर निघालं. पोपट वरच्या पट्टीवर बसला होता आणि शेपूट ग्रिलला लागून खाली लोंबत होती. डोक्यापासून शेपटीच्या टोकापर्यंत त्याने पाच घरांहून थोडी जास्त जागा घेतली होती, म्हणजे पन्नास सेंटीमीटरच्या वर. नेहमीचा पोपट चाळीसच्या आसपास भरतो. पक्षी अंग आखडून बसला तर माप कमी येतं, वाढून येत नाही. चोचही डोक्याच्या मानाने चांगलीच जाड होती. पहाडी पोपटच ठरला आणि जखमेची काळजी मिटली.
मात्र मोजायची वस्तू आणि पक्षी कॅमेऱ्यापासून सारख्याच अंतरावर हवेत. समोरच्या इमारतीच्या गजांवरून खिडकीतला पक्षी मोजता येत नाही. फोटो वरून खाली किंवा खालून वर काढला असेल तर शेपूट आखूड दिसते.

३. काचेसमोर सरळ उभे राहा आणि लेन्स काचेला टेकवा.
तिरक्या काचेत प्रतिबिंब वाढतं. काचेच्या पुढच्या आणि मागच्या पृष्ठभागावरून परतलेल्या प्रकाशामुळे आकृतीला बाजूला फिकट दुसरी कड येते. पंखावर अशी पांढरी रेघ दिसली की मागच्या गॅलरीचा कठडा पाहावा. त्यालाही तशीच जोडरेघ असेल तर ती काचेची.
गिरगावातल्या जुन्या चाळींत अजून काही खिडक्यांना लहरी असलेली जुनी काच आहे. तिच्यातून सरळ मानही वाकडी दिसते. फोन डावीकडे-उजवीकडे हलवावा. समोरच्या इमारतीच्या रेघा जिथे लचकतात तिथून फोटो काढू नये.
राणीच्या बागेतले हम्बोल्ट पेंग्विन २०१७ पासून लोकांना पाहता येतात. तिथे काचेपलीकडे पाणीही असतं. पाण्यातली वस्तू जवळ भासते आणि साधारण एक-तृतीयांश मोठी दिसते. काचेच्या कोपऱ्यातून तिरकं पाहिलं तर पेंग्विन दबल्यासारखा, बुटका वाटतो. चोचीच्या मुळाशी असलेली गुलाबी कातडी निळ्या पाण्यात राखाडी पडते. ती आणि छातीवरचा काळा पट्टा नीट पाहायचा तर पेंग्विन खडकावर चढेपर्यंत थांबावं.

४. जाळी फोटोतून गेली तरी तिचा परिणाम राहतो.
लेन्स जाळीच्या जवळ असली की तारा दिसेनाशा होतात, पण नाहीशा होत नाहीत. त्या फोटोभर पसरतात आणि उन्हात चमकत असतील तर प्राण्यावर मलमलीचा पदर टाकल्यासारखं सगळं फिकट होतं. काळा रंग करडा दिसतो. सावलीतल्या जाळीचा त्रास कमी होतो आणि प्राणी जाळीपासून जितका लांब, तितका फोटो चांगला. कठड्याच्या आत मात्र हात घालू नये.
याहून फसवी असते ती जाळीची सावली. तपकिरी घारीच्या छातीवर चौकडी पाहून "ही वेगळीच जात" म्हणणारे भेटतात. पिसांवरचे खरे पट्टे अंगाच्या गोलाईबरोबर वळतात. सावलीची रेघ छातीवरून सरळ फांदीवर आणि पुढे भिंतीवर जाते. रेघ पक्ष्याबाहेर गेली की शंका उरत नाही.
आकाराचंही तसंच आहे. घारीची शेपूट दुभंगलेली आणि ब्राह्मणी घारीची गोलसर, हे आकाशात ठीक. पण घारीने शेपूट पसरली की खाच दिसत नाही आणि पिंजऱ्यात पिसं घासून टोकं झिजली असतील तर आणखीच घोटाळा होतो. अशा फोटोतून शेपटीवरून नाव देऊ नये.

५. दुर्बिणीतून फोटो काढताना काळं वर्तुळ आधी घालवा.
शिवडीच्या चिखलात रोहित उतरले की दुर्बिणीला मोबाइल टेकवून फोटो काढले जातात. मधे पक्षी आणि भोवती काळं वर्तुळ. फोनला वाटतं देखावा अंधारा आहे, म्हणून तो उजेड वाढवतो आणि गुलाबी पक्षी पांढरे होतात. मग लोक सांगतात, "सगळी पिल्लंच आलीत." पिल्लं खरं तर करडी-तपकिरी असतात. पिसांत तपशीलच नसेल आणि ओला चिखलही पांढरा फटफटीत दिसत असेल, तर दोष फोनचा. वर्तुळ जाईल इतका झूम करावा, बोट पक्ष्यावर ठेवून उजेड खाली ओढावा.
पक्ष्याच्या एका कडेला जांभळी आणि दुसऱ्या कडेला हिरवी झालर असेल तर ती भिंगाची. पक्षी मधोमध आणला की ती कमी होते.
दुपारी तापलेल्या हवेत पाय थरथरतात, तुटतात, आणि उंचीवरून मोठा रोहित की लहान हे ठरवणं अवघड होतं. अटल सेतूचे खांब चौकटीत घ्यावेत. खांब नागमोडी दिसत असतील तर पायांची लांबी मोजू नये. त्यापेक्षा सकाळी, पाणी चढताना पक्षी किनाऱ्याकडे सरकतात तेव्हा जावं आणि चोच पाहावी: लहान रोहिताची जवळजवळ पूर्ण गडद, मोठ्याची गुलाबी आणि टोकाला काळी.

फोटो पाठवताना "काचेतून", "जाळीतून" किंवा "दुर्बिणीतून" एवढा एक शब्द लिहा आणि त्याच जागेवरून एखाद्या पांढऱ्या वस्तूचा फोटोही जोडा. तरीही ओळख फक्त रंगावर अडली, तर मी नोंदीत "पोपट, जात अनिश्चित" असंच लिहितो.